नाव नाही, गाव नाही, नुसते अब्ज

प्रोबायोटिकच्या पाकिटावर तीन गोष्टी पाहायच्या असतात: आतल्या सूक्ष्मजीवाचे स्ट्रेनपर्यंतचे पूर्ण नाव, एका मात्रेतली त्याची जिवंत संख्या, आणि पाकीट ठेवायचे तापमान. तिन्ही मिळून एकच विधान होते. अमुक जीव, अमुक संख्येने, अमुक तापमानात ठेवला तर अमुक तारखेपर्यंत जिवंत राहील, असे ते विधान. त्यातला एक तुकडा गळला की उरलेले दोन निरुपयोगी ठरतात.

प्रचलित मत याच्या नेमके उलट आहे, आणि ते फक्त गिऱ्हाइकांचे नाही. मेडिकल दुकानाच्या काउंटरवर, घरोघरच्या सल्ल्यांत आणि जाहिरातींत ते सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते. प्रोबायोटिक म्हणजे चांगले जंतू. कोणतेही घेतले तरी पोटाला चांगलेच. त्या लांबलचक लॅटिन नावांशी सामान्य माणसाला काय करायचे आहे? आकडा पाहावा, ज्यावर जास्त अब्ज लिहिले असतील ते घ्यावे. ठेवण्याच्या सूचना तर सगळ्याच औषधांवर असतात, त्या कोण पाळतो? हवा तो ब्रँड नसेल तर शेजारचा द्यावा, ‘सेमच आहे’.

‘सेमच आहे’ हे कशावरून? एखाद्या गोळीवर ‘ताप उतरवणारे पांढरे रसायन, ५०० मिलिग्रॅम’ एवढेच छापले तर ती गोळी कोणी घेणार नाही. रसायनाचे नाव विचारले जाईल. पण ‘लॅक्टोबॅसिलस, ५ अब्ज’ एवढ्या मजकुरावर शेकडो रुपये निमूटपणे मोजले जातात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशी मात्रा आणि यजमानाला होणारा आरोग्यलाभ अशा तीन अटी आहेत. ‘चांगले जंतू’ हा शब्दप्रयोग तिन्ही अटींना बगल देतो. कोणत्या जीवाने, किती मात्रेत, कोणता लाभ दिला, यातले काहीही न सांगता तो फक्त प्रशस्तिपत्र देतो.

आधी नावाचे पाहू. सूक्ष्मजीवाचे नाव तीन टप्प्यांत पूर्ण होते: प्रजाती, जाती आणि स्ट्रेन. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ यात लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती, ऱ्हॅम्नोसस ही जाती आणि जीजी हा स्ट्रेन. ही दोन अक्षरे हा जिवाणू वेगळा काढणारे अमेरिकन संशोधक शेरवूड गोर्बाक आणि बॅरी गोल्डिन यांच्या आडनावांची आहेत. स्ट्रेनची खूण कधी अशी अक्षरे असतात, तर कधी जिवाणूसंग्रहालयातला नोंदक्रमांक. सामान्य वाचकाला ही शेपटी अनावश्यक वाटते, आणि लेबल छापणाऱ्यांना ते सोयीचेच असते. प्रत्यक्षात सगळा पुरावा याच शेपटीला बांधलेला असतो.

एकाच जातीत केवढे अंतर असू शकते याचे उदाहरण ई. कोलाय या सर्वांच्या ओळखीच्या जिवाणूचे आहे. पहिल्या महायुद्धात आजूबाजूच्या सैनिकांना जुलाब होत असताना एका सैनिकाला झाले नाहीत. त्याच्या विष्ठेतून आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी जो ई. कोलाय वेगळा केला, तो ‘निसल १९१७’ या नावाने आजही काही देशांत प्रोबायोटिक म्हणून वापरला जातो. याच ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा प्रकार रक्ताचे जुलाब घडवतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. दोघांची प्रजाती एक, जातीही एक. प्रजाती-जाती सारखी म्हणजे ‘सेमच’, हा न्याय इथे कोणी लावून दाखवेल काय?

हे टोकाचे उदाहरण आहे, लॅक्टोबॅसिलसमध्ये असे रोगकारक भाऊबंद नसतात, असा युक्तिवाद होईल. ठीक आहे, तर मग लॅक्टोबॅसिलसचेच उदाहरण घ्यावे. तान्ह्या बाळांच्या पोटदुखीसाठी थेंबांच्या रूपात मिळणारा लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय पूर्वी एटीसीसी ५५७३० या क्रमांकाचा होता. त्याच्यात अँटिबायोटिकला दाद न देणारे गुण वाहून नेणारे दोन प्लास्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे, सापडले. असे कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून ते काढून टाकून नवा स्ट्रेन तयार केला गेला आणि त्याला डीएसएम १७९३८ हा क्रमांक मिळाला. स्तनपान करणाऱ्या बाळांच्या पोटदुखीवरचा पुरावा प्रामुख्याने याच क्रमांकाचा आहे. ज्या बाटलीवर नुसते ‘एल. रॉयटेराय’ छापलेले आहे, तिच्यात यातला कोणता आहे, की तिसराच कोणी, हे ती विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

स्ट्रेनचे नाव मागण्याचे आणखी एक कारण आहे, आणि जाहिरातवाल्यांना तेच जास्त झोंबणारे आहे. नाव असेल तरच दावा खोटा ठरवता येतो. २०१८ साली अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या ९७१ लहान मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, दर वेळी १० अब्ज, दिवसातून दोनदा, पाच दिवस दिला. दुसऱ्या गटाला त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय पूड दिली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याआधीच्या काही चाचण्यांत याच स्ट्रेनने जुलाबाचा काळ थोडा कमी झाल्याचे निष्कर्ष होते, त्यामुळे या निकालाने खरा वाद उभा राहिला. वाद घालता आला, कारण नाव आणि मात्रा दोन्ही ठरलेल्या होत्या. निनावी ‘लॅक्टोबॅसिलस’ विकणाऱ्याला असा धोका कधीच नसतो. चांगला निकाल आला की तो आपला म्हणायचा, वाईट आला की ‘तो दुसरा स्ट्रेन होता’ म्हणून हात झटकायचे.

नावांबद्दलची एक तक्रार मात्र वरवर रास्त वाटते: ही नावे सारखी बदलतात, मग त्यांवर विसंबायचे कसे? २०२० साली वर्गीकरणशास्त्रज्ञांनी अवाढव्य झालेल्या लॅक्टोबॅसिलस प्रजातीची २५ प्रजातींत विभागणी केली. ऱ्हॅम्नोसस, केसिआय आणि पॅराकेसिआय हे ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’मध्ये गेले, रॉयटेराय ‘लिमोसिलॅक्टोबॅसिलस’मध्ये गेला. बाजारात त्यामुळे एकाच जिवाणूची जुन्या नावाची आणि नव्या नावाची अशी दोन्ही लेबले दिसतात. पण बदलले ते फक्त पहिले, प्रजातीचे नाव. जीजी जीजीच राहिला, १७९३८ हा १७९३८च राहिला. म्हणजे जी शेपटी अनावश्यक म्हणून छाटली जाते, तीच या सगळ्या गोंधळात जागची हललेली नाही.

भारतातल्या मेडिकल दुकानात या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप अँटिबायोटिकच्याच पट्टीवर पाहायला मिळते. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, डॉक्सिसायक्लिन अशा औषधांच्या अनेक जोडगोळ्यांत दुसरा घटक म्हणून ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ किंवा ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस’ छापलेला असतो. यातले दुसरे नाव १९३०च्या दशकात एका जिवाणूला दिले गेले होते. हा जिवाणू बीजाणू, म्हणजे स्पोर, तयार करतो. लॅक्टोबॅसिलस तसे करत नाहीत. त्यामुळे शास्त्राने ते नाव केव्हाच बाद करून त्याला बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स म्हटले, आणि आता त्यालाही नवी प्रजाती मिळाली आहे. पट्टीवर मात्र बाद झालेले नाव अजून सुखाने नांदते. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ हे तर नावसुद्धा नव्हे. लॅक्टिक आम्ल बनवणारा दांडीच्या आकाराचा जिवाणू, एवढे ते वर्णन आहे. त्या वर्णनात बसणारे जिवाणू असंख्य आहेत.

त्याच पट्ट्यांवरचे आकडे पाहिले तर आणखी मौज आहे. कुठे ६० मिलियन स्पोर म्हणजे ६ कोटी, तर कुठे ५ बिलियन म्हणजे ५०० कोटी. एकाच कामासाठी, एकाच वर्णनाच्या जिवाणूची मात्रा ऐंशी पटींहून अधिक वरखाली. रक्तदाबाच्या गोळीत असा फरक चालवून घेतला असता काय? शिवाय सगळ्यांत साधा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ज्या अँटिबायोटिकच्या कुशीत हा जिवाणू बसवला आहे, ते अँटिबायोटिक त्यालाच मारत नाही कशावरून? बीजाणू झोपेत असतो तोवर तो टिकतो, पण काम करायचे तर त्याला आतड्यात जागे व्हावे लागते, आणि अमॉक्सिसिलिनसारखी औषधे वाढणाऱ्या जिवाणूवरच घाव घालतात. याचे उत्तर स्ट्रेनगणिक वेगळे असते, आणि स्ट्रेन तर पट्टीवर नाही.

उत्तर देता येत नाही असे नाही. याच दुकानात प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांतून बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू मिळतात. ५ मिलिलिटरच्या कुपीत २०० कोटी बीजाणू असतात आणि त्याचे चार स्ट्रेन नावानिशी नोंदलेले आहेत: ओ/सी, एन/आर, एसआयएन आणि टी. ही अक्षरे शोभेची नाहीत. प्रत्येक स्ट्रेन कोणत्या अँटिबायोटिकला दाद देत नाही हे ती सांगतात. ओ/सी क्लोरॅम्फेनिकॉलला, एन/आर नोव्होबायोसिन व रिफाम्पिसिनला, एसआयएन स्ट्रेप्टोमायसिन व निओमायसिनला, टी टेट्रासायक्लिनला. हे औषध प्रत्येक जुलाबावर गुणकारी आहे असे यातून सिद्ध होत नाही, पण अँटिबायोटिकसोबत टिकेल का, हा प्रश्न निदान नेमका विचारता येतो.

ब्रँडचे नाव लक्षात ठेवले की पुरे, हा उपायही तोकडा आहे. आठ स्ट्रेनचे मिश्रण असलेले व्हीएसएल#३ हे उत्पादन आतड्याच्या आजारांवरील अनेक चाचण्यांमुळे नावाजले गेले. पुढे मूळ सूत्राचे जनक क्लाउडिओ डी सिमोन आणि विक्रेत्या कंपन्या यांची फारकत झाली. नाव कंपन्यांकडे राहिले, सूत्र दुसऱ्या नावाने बाहेर पडले. त्याच नावाखाली वेगळे मिश्रण विकताना जुन्याच चाचण्यांचा हवाला दिला जात होता. २०१८ साली अमेरिकेतल्या ज्युरीने ती जाहिरात खोटी ठरवली. डबी तीच, नाव तेच, आत जीव दुसरे.

आता आकड्याकडे वळू. लेबलवर ‘सीएफयू’ असे छापलेले असते. याचा अर्थ वसाहत तयार करू शकणारा घटक. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून पोषक थराच्या बशीवर पसरतात, उबेत ठेवतात आणि उगवलेले ठिपके मोजतात. एक ठिपका म्हणजे एक सीएफयू. दोन-चार जिवाणू एकत्र चिकटलेले असतील तरी ठिपका एकच पडतो, आणि मेलेला जिवाणू ठिपका पाडत नाही. म्हणून हा आकडा उगवून आलेल्यांचा असतो. काही लेबलांवर सीएफयूऐवजी मिलिग्रॅम असतात. मिलिग्रॅममध्ये जिवंत, मेलेले आणि भर घातलेली पूड सगळेच तोलले जाते, तेव्हा जिवंत किती हे त्यातून कळत नाही.

इंग्रजी आकड्यांचा घोळ आधी सोडवलेला बरा. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी, अर्थात १ अब्ज. लेबलवर हाच अब्ज १ × १०⁹ असा येतो. दहाच्या डोक्यावरचा आकडा एकाने कमी झाला की संख्या दहाव्या हिश्शावर येते. १०⁹ आणि १०⁸ डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, फरक मात्र ९० टक्क्यांचा असतो.

जास्त अब्ज म्हणजे जास्त गुण, या समजुतीत प्रश्न असा आहे: कशापेक्षा जास्त? चाचणीत ज्या मात्रेने परिणाम दिसला, ती मात्रा हाच मोजण्याचा गज. एखाद्या स्ट्रेनने १ अब्जाच्या मात्रेत काम केले असेल तर दुसऱ्या निनावी स्ट्रेनचे ५० अब्ज त्याहून पन्नासपट चांगले, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मिश्रणांत तर आकडा आणखी फसवा होतो. ‘सात स्ट्रेन, एकूण १० अब्ज’ असे लिहिले आणि प्रत्येकाचा वाटा दिला नाही, तर त्यातले साडेनऊ अब्ज सर्वांत स्वस्त आणि सहज वाढणाऱ्या जिवाणूचे असू शकतात. बाकीचे सहा नावापुरते हजेरी लावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली खाद्यातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रजाती, जाती आणि स्ट्रेन लेबलवर असावेत, मुदत संपतेवेळची जिवंत संख्या द्यावी, किती घ्यावे आणि कसे ठेवावे हेही लिहावे, असे त्यात सांगितले आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनी पुढे प्रोबायोटिक खाद्यासाठी दिवसाच्या मात्रेत किमान १०⁸, म्हणजे १० कोटी जिवंत जीव, ही सर्वसाधारण पातळी धरली. त्याहून कमी चालवायचे तर लाभाचा पुरावा हवा. वरची ६ कोटींची जोडगोळी खाद्य म्हणून नव्हे, औषध म्हणून विकली जाते, त्यामुळे हा नियम तिला लागू होत नाही. दह्याच्या पेल्यासाठी जी पातळी धरली आहे, तिच्याखाली औषधाची मात्रा बसते, ही विसंगती मात्र लपत नाही.

‘मुदत संपतेवेळी’ हे दोन शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. जिवाणू पाकिटात बसल्या बसल्या मरत असतात. म्हणून ‘उत्पादनाच्या वेळी ५ अब्ज’ हे विधान कारखान्यातल्या एका दिवसाबद्दल आहे, गिऱ्हाइकाच्या हातातल्या कॅप्सूलबद्दल नाही. प्रामाणिक उत्पादक या मरणाचा हिशेब धरून सुरुवातीलाच जास्त भरतात आणि लेबलवर शेवटच्या तारखेला हमखास उरणारी संख्या छापतात. त्यांचा आकडा लहान दिसतो, आणि मोठा आकडा शोधणारे गिऱ्हाईक नेमके त्यांनाच डावलून पुढे जाते.

मरण्याचा वेग तापमान, ओल आणि हवेतला ऑक्सिजन ठरवतात. गोठवून सुकवलेला जिवाणू मेलेला नसतो, थांबलेला असतो. पाणी मिळाले की तो अर्धवट जागा होतो आणि अन्न नसल्याने मरतो. बिफिडोबॅक्टेरियमसारख्यांना ऑक्सिजन मानवत नाही. बीजाणू करणारे बॅसिलस मात्र जाड कवचामुळे घरातल्या तापमानाला टिकतात, आणि सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे सुकवलेले यीस्टही बऱ्यापैकी तग धरते. फ्रिजमध्ये ठेवायचे की नाही याचे सरसकट उत्तर नाही ते यामुळेच. दही बाहेर लागते हा दाखला इथे गैरलागू आहे: दुधात जिवाणू वाढत असतो, कॅप्सूलमध्ये तो फक्त तगून असतो.

‘थंड आणि कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. भारतीय औषधकोशाच्या परिभाषेत ‘थंड जागा’ म्हणजे ८ ते २५ अंश सेल्सिअस. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४० अंशांच्या वर असतो. मुंबई-कोकणात तो इतका चढत नाही, पण ओल असते. वातानुकूलन नसलेल्या महाराष्ट्रातल्या घरात उन्हाळ्यात २५ अंशांखालची जागा फ्रिज सोडून कुठे आहे? स्वयंपाकघरातले गॅसशेजारचे कपाट नक्कीच नाही. ‘२ ते ८ अंश’ असे छापलेले पाकीट दुकानदाराने उघड्या फळीवरून काढून दिले, तर छापलेल्या मुदतीला तिथेच अर्थ उरत नाही. ६५ मिलिलिटरच्या बाटलीतले, साडेसहा अब्ज शिरोटा स्ट्रेन असलेले आंबवलेले दुधाचे पेय १० अंशांखाली ठेवायचे असते. त्याची बाटली फ्रिजबाहेर रचून ठेवलेली दिसली तर ती घेऊ नये, एवढे तरी गिऱ्हाइकाला करता येते.

फ्रिजमध्ये ठेवले की काम संपले, असेही नाही. कॅप्सूलची थंड बाटली कोकणातल्या दमट हवेत लगेच उघडली की आत दव धरते आणि बाटलीतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीवर तो भार पडतो. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग उघडावी. कॅप्सूल आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नयेत. सॅशेतली पूड कोमट किंवा गार पाण्यात मिसळावी. वाफाळत्या चहात टाकली तर पाकिटावरचे सगळे अब्ज कपात उकडून निघतात. यीस्टच्या पाकिटाबाबत आणखी एक इशारा आहे. ज्या रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते, त्याच्या खाटेजवळ ते फोडू नये. पुडीतले यीस्ट हवेतून व हातावरून नळीत गेल्याने रक्तात संसर्ग झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. लेबल न वाचणाऱ्याला पाकिटात जिवाणू आहे की यीस्ट, हेसुद्धा माहीत नसते.

बाजारात सहज सापडेल असे एक लेबल वाचून पाहावे. समजा डबीवर लिहिले आहे: ‘प्री-अँड-प्रोबायोटिक कॅप्सूल. लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, बिफिडोबॅक्टेरियम बिफिडम, सॅकॅरोमायसिस बुलार्डी. एकूण ५ अब्ज सीएफयू. फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड १०० मिलिग्रॅम. थंड, कोरड्या जागी ठेवा. मुदत १८ महिने.’ डबी देखणी आहे, नावे पाच आहेत, आकडा भरघोस आहे. आता वाचायला घ्यावे. पाचांपैकी एकाचाही स्ट्रेन नाही, त्यामुळे एकाही चाचणीशी ताडून पाहता येत नाही. प्रत्येकाचा वाटा नाही. ५ अब्ज कोणत्या तारखेला, ते नाही. तापमानाचा अंश नाही. बुलार्डी घरच्या तापमानाला तगेल, पण दोन्ही बिफिडोबॅक्टेरियम तगतील याची हमी कुठे आहे? केवळ हिशेबासाठी धरू की गरम फळीवर दर सहा महिन्यांनी दहावा हिस्साच उरतो. मग ५०० कोटींचे पहिल्या सहामाहीनंतर ५० कोटी, वर्षाने ५ कोटी, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी ५० लाख. डबीवर तेव्हाही ५ अब्जच छापलेले असतील, आणि कायद्याच्या दृष्टीने ती डबी मुदतबाह्यही झालेली नसेल.

याच डबीची मागची बाजूही पाहावी. तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल तर ती खाद्य म्हणून विकली जात आहे, आणि तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे इंग्रजीत छापणे बंधनकारक आहे. औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध. दोन्ही प्रकार एकाच फळीवर, एकाच आकाराच्या डब्यांत शेजारीशेजारी उभे असतात आणि काउंटरवरून एकमेकांच्या बदल्यात दिले जातात. चिठ्ठीत औषध लिहिलेले असताना हातात औषधी वापरासाठी नसलेले खाद्य पडते, आणि वर पुन्हा तेच वाक्य: ‘सेमच आहे’.

एवढी कटकट असेल तर घरचे दही बरे, असे म्हणून काही जण या वादातून अंग काढून घेतात. घरचे दही उत्तम अन्न आहे. त्याबद्दल दुमत नाही. पण घराघरातले विरजण वेगळे, त्यातले जिवाणू वेगळे, रोजची संख्या वेगळी. कोणत्याही ठरावीक स्ट्रेनची ठरावीक मात्रा त्यात मोजून मिळत नाही. ते प्रोबायोटिकची व्याख्या पूर्ण करत नाही, आणि तसा दावाही करत नाही. विरजणाच्या वाटीवर कोणी ‘५ अब्ज’ लिहून जास्तीचे पैसे मागत नाही. म्हणून दह्याची सबब पुढे करून डबीला सूट देता येणार नाही. जो दावा करतो त्याच्याकडेच पुरावा मागायचा असतो.

डॉक्टरांनी लिहून दिले आहे, मग गिऱ्हाइकाने का वाचावे, ही शेवटची पळवाट. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, पण डबी बदलतो दुकानदार, आणि ती उन्हात ठेवतो ग्राहक. चिठ्ठीत ब्रँडसोबत स्ट्रेन आणि मात्रा लिहून घेता येते. दुकानात तीच अक्षरे, तोच क्रमांक डबीवर आहे का, संख्या मुदतीअखेरची आहे का आणि तापमानाचा अंश छापलेला आहे का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. यातले काही नसेल तर डबी काउंटरवरच परत करावी. स्ट्रेनविना प्रजातीचे नाव, तारखेविना आकडा आणि अंशाविना ‘थंड जागा’ छापणारे लेबल अपुरे आहे, आणि अपुऱ्या लेबलचा माल पूर्ण किमतीला घेण्याचे काहीही कारण नाही.